‘वस्तू वापरलेली आढळली’ म्हणून रिटर्न नाकारला, तर काय करायचं?

नाशिकच्या विल्होळीजवळच्या एका रिटर्न गोदामात मी दीड वर्ष क्यूसीच्या, म्हणजे वस्तू तपासण्याच्या, टेबलावर काम केलं. ग्राहकाकडून परत आलेला खोका उघडायचा, वस्तू बघायची, दोन-तीन फोटो काढायचे आणि स्क्रीनवरच्या यादीतून एक शेरा निवडायचा. ‘वापरलेली’, ‘तुटकी’, ‘भाग कमी’, ‘दुसरीच वस्तू’, ‘ठीक’. ग्राहकाला ॲपमध्ये जे वाक्य दिसतं, ते बहुतेक वेळा याच शेऱ्यातून आपोआप तयार झालेलं असतं. हे सगळं आधी सांगतोय, कारण रिटर्न नाकारल्यावर लोकांना वाटतं की कुणा तज्ज्ञानं वस्तू नीट तपासून निकाल दिला आहे. तसं नसतं. तो टेबलावरच्या माणसाचा घाईतला शेरा असतो, आणि त्याच्यावर आक्षेप घेता येतो.

गेल्या मार्चात पंचवटीतल्या मावशीवर ही वेळ आली. तिच्या प्रकरणात जे जे करावं लागलं, त्याच क्रमानं इथे लिहितो.

प्रकरण काय होतं

मावशीनं ऑनलाइन ३,४९९ रुपयांचा मिक्सर मागवला. सोबत तीन भांडी. माहितीपुस्तकात लिहिल्याप्रमाणे तिनं भांडी धुतली, चटणीच्या भांड्यात अर्धा पेला पाणी घालून मिक्सर फिरवला. भांड्याच्या तळातून, पात्याच्या दांड्याजवळून, पाणी ठिबकायला लागलं आणि खाली मोटारीवर उतरलं. तिनं लगेच प्लग काढला. भाच्यानं फोनवर त्याचा व्हिडिओ घेतला. त्याच दिवशी ‘सदोष वस्तू’ हे कारण देऊन रिटर्न टाकला. दोन दिवसांनी पिकअपवाला आला, भांडी मोजली, खोक्यावर स्टिकर लावलं आणि घेऊन गेला. आठवड्यानं मेसेज आला: तपासणीत वस्तू वापरलेली आढळली, रिटर्न नाकारला आहे, वस्तू तुमच्याकडे परत पाठवत आहोत.

मावशीचा मला फोन आला. “अरे, वापरल्याशिवाय गळतंय हे मला कळणार कसं?”

या सगळ्या भांडणाचं मूळ याच प्रश्नात आहे. दोष शोधण्यासाठी केलेली चाचणी आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तुम्हाला कागदावर मांडायचं आहे.

आधी बघा: तुम्ही कोणतं कारण दिलं होतं

रिटर्न दोन प्रकारचे असतात. ‘आवडली नाही’, ‘साइज बसत नाही’, ‘रंग वेगळा हवा होता’ अशा कारणांसाठी वस्तू परत घ्यायची की नाही, हे विक्रेत्याच्या धोरणावर ठरतं. तिथे टॅग तुटलेला असेल किंवा चपलेच्या तळव्याला माती असेल, तर तुमची बाजू लंगडी पडते.

वस्तू सदोष आहे किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नाही, हे कारण असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० मधला सहावा नियम सांगतो की मार्केटप्लेसवरचा, म्हणजे अनेक विक्रेत्यांचा माल विकणाऱ्या ॲप किंवा साइटवरचा, विक्रेता सदोष किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला आणि तिचे पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. इथे प्रश्न ‘दोष आहे की नाही’ हा असतो. एकदा फिरवून बघितलं, म्हणून दोष नाहीसा होत नाही.

गोदामात मी रोज बघायचो की लोक घाईत यादीतलं पहिलंच कारण दाबतात. गळका मिक्सर आणि कारण ‘आता नको आहे’. मग क्यूसीवाला तो मिक्सर नव्यासारखा आहे का एवढंच बघतो, गळतो का हे बघतच नाही. तुमचंही असं झालं असेल, तर पहिल्याच लेखी तक्रारीत स्पष्ट लिहा की कारण निवडताना चूक झाली, खरं कारण हा दोष आहे, आणि दोष दिसल्याची तारीख ही.

पहिल्या दिवशी: शेऱ्यामागचं कारण लेखी मागा

कस्टमर केअरच्या चॅटवर भांडत बसू नका. समोरच्याला तुमच्या स्क्रीनपेक्षा फारसं जास्त दिसत नसतं आणि ‘हा निर्णय अंतिम आहे’ हे वाक्य त्याच्याकडे तयारच असतं. त्याच्याकडून फक्त तक्रार क्रमांक घ्या. नियमाप्रमाणे मार्केटप्लेसनं प्रत्येक तक्रारीला असा क्रमांक द्यायलाच हवा. आणि हे चार प्रश्न लेखी विचारा:

- वस्तूत नेमकं काय आढळलं? ‘वापरलेली’ एवढं पुरेसं नाही. कुठे, कोणती खूण?
- तपासणीचे फोटो पाठवा.
- तपासणी कोणत्या तारखेला झाली?
- तपासलेल्या वस्तूचा सीरियल नंबर काय नोंदवला आहे?

शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि तोच सर्वांत मोलाचा आहे. गोदामात एका टेबलावर एकाच मॉडेलचे चार-पाच नग येतात, खोके बदलतात. मिक्सरचा नंबर मोटारीच्या तळाला असतो, फोनचा आयएमइआय बिलावर असतो. तपासलेल्या नगाचा नंबर तुमच्या नगाशी जुळत नसेल, तर तो शेरा तुमच्या वस्तूवर मारलेलाच नाही.

मावशीला चार दिवसांनी दोन फोटो मिळाले. एकात भांड्याच्या आत पाण्याचे थेंब होते. दुसऱ्यात मोटारीवरच्या रबरी कपलरवर घासल्याच्या बारीक खुणा. फोटो बघताच मला शेरा कसा पडला ते कळलं. धुतलेलं भांडं तिनं ओलंच झाकण लावून खोक्यात ठेवलं होतं. ओलं भांडं दिसलं की ‘वापरलेली’ दाबायचं, असे शेरे मीही त्या टेबलावर दाबले आहेत. कुणाच्या घरी त्यामुळे काय झालं असेल, हे मावशीचा फोन येईपर्यंत मनात आलं नव्हतं.

दोन्ही खुणांना साधं उत्तर होतं. पाणी होतं, कारण भांडी धुवायला माहितीपुस्तकच सांगतं. कपलरवरच्या खुणा भांडं एकदा बसवून फिरवलं तरी पडतात. मसाल्याचा डाग नाही, हळदीचा पिवळेपणा नाही, पात्याला ओरखडा नाही. वापरलेल्या मिक्सरची खरी ओळख या गोष्टींवरून पटते, आणि त्यांच्याच फोटोंत त्या नव्हत्या. नाकारणाऱ्याचे फोटो अशा रीतीनं आपल्या बाजूचा पुरावा होऊ शकतात, म्हणून ते मागायचेच.

वस्तू परत आली तर घ्यायची का?

घ्या. ‘घेतली तर मान्य केल्यासारखं होईल’ म्हणून काही जण दारातूनच परत पाठवतात. मग ‘ग्राहकानं नाकारली’ अशी नोंद पडते, वस्तू कुठे आहे हे कुणालाच धड सांगता येत नाही आणि तुमच्या हातात ना वस्तू राहते ना पैसे. वस्तू घ्या आणि त्याच दिवशी ईमेल करा: ‘पार्सल केवळ सांभाळण्यासाठी स्वीकारलं आहे. रिटर्न नाकारणं मला मान्य नाही.’

उघडताना एकसंध व्हिडिओ घ्या. आधी खोक्याच्या सहाही बाजू, मग लेबलवरचा एडब्ल्यूबी, म्हणजे कुरिअरचा पार्सल नंबर, वाचता येईल असा जवळून, मग टेप कापताना, मग वस्तू बाहेर काढून सीरियल नंबर. मध्ये थांबवायचं नाही. मावशीचं पार्सल रंगपंचमीच्या आदल्या दिवशी आलं. बाहेर गल्लीत पोरांचा गोंधळ सुरू होता, तो व्हिडिओत ऐकू येतो. त्यानं काही बिघडत नाही. मूळ फाइल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक अक्षरं वाचता येत नाहीत. पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

यानंतर वस्तू वापरायची नाही. ‘पैसे तर अडकलेच आहेत, तोवर चटणी तरी वाटून घेऊ’ असं वाटतं, पण पहिली चटणी वाटली की त्यांचा शेरा खरा ठरतो.

तिसऱ्याच्या हातचा कागद

तुमचं म्हणणं विरुद्ध त्यांचं म्हणणं, इथे गाडं अडतं. ते सोडवणारी चांगली गोष्ट म्हणजे कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरची जॉबशीट. वस्तू तिथे न्या आणि सांगा की दुरुस्ती नको, फक्त तपासून लिहून द्या. कागदावर मॉडेल, सीरियल नंबर, तारीख, दिसलेला दोष आणि बाहेरून तुटफूट आहे की नाही, एवढं आलं पाहिजे. दुरुस्ती करून घेतली तर दोषच नाहीसा होतो आणि मग दाखवायला काही उरत नाही.

मावशीच्या जॉबशीटवर तंत्रज्ञानं लिहिलं: ‘चटणी जार, तळातील सीलमधून गळती. बाह्य नुकसान नाही.’ पुढचं सगळं काम त्या ओळीनं सोपं केलं.

कपडे, चपला, पिशव्या यांना सर्व्हिस सेंटर नसतं. तिथे दिवसाउजेडी काढलेले फोटो, पट्टी ठेवून दाखवलेलं माप आणि मिळालेल्या वस्तूशेजारी ॲपमधल्या वर्णनाचा स्क्रीनशॉट, यांवर भिस्त ठेवावी लागते. तो स्क्रीनशॉट लवकर काढा. विक्रेता वर्णन बदलू शकतो.

तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र

प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीनं तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यायला हवा. हा दुवा बहुधा पानाच्या अगदी तळाशी असतो. त्यानं तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यायची आणि एका महिन्यात निवारण करायचं, असं २०२०चे नियम सांगतात. चॅटवर घालवलेल्या दहा तासांपेक्षा हा एक ईमेल जास्त काम करतो, कारण इथून तारखा मोजायला सुरुवात होते.

पत्र लांबवू नका. राग कितीही आलेला असला तरी तो पत्रात आणू नका. मावशीचं पत्र असं होतं:

> विषय: ऑर्डर क्र. … सदोष मिक्सर, रिटर्न चुकीच्या कारणाने नाकारल्याबाबत
>
> मी वरील मिक्सर ३,४९९ रुपयांना घेतला. माहितीपुस्तकाप्रमाणे भांडी धुऊन, पाणी घालून पहिली चाचणी घेतली असता चटणीच्या भांड्याच्या तळातून गळती दिसली. त्याच दिवशी ‘सदोष वस्तू’ या कारणाने रिटर्न नोंदवला.
>
> ‘वस्तू वापरलेली’ म्हणून तो नाकारला आहे. आपल्या फोटोंत पाण्याचे थेंब व कपलरवरील खुणा दिसतात. दोन्ही पहिल्या चाचणीतून आलेल्या आहेत. अन्नाचे अंश, डाग वा पात्यावर ओरखडे आपल्याही फोटोंत नाहीत. गळतीची तपासणी झाली का, याचे उत्तर मिळालेले नाही.
>
> अधिकृत सर्व्हिस सेंटरची जॉबशीट, चाचणीचा व्हिडिओ, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ व बिल सोबत जोडले आहे.
>
> ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार वस्तू परत घेऊन पूर्ण रक्कम मूळ खात्यात जमा करावी. तसेच विक्रेत्याचा पूर्ण पत्ता व संपर्क लेखी कळवावा.

‘गळतीची तपासणी झाली का’ हा प्रश्न मुद्दाम घातला. क्यूसीच्या टेबलावर मिक्सरमध्ये पाणी घालून बघायला कुणाला वेळ नसतो, हे मला माहीत होतं. तुमच्या वस्तूलाही हाच प्रश्न लावा. हेडफोनचा एक कान बंद असेल, तर तो लावून ऐकला का? इस्त्री तापत नसेल, तर प्लग लावून पाहिली का?

विक्रेत्याचा पत्ता का मागायचा, तर पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच तर कंपनी आणि विक्रेता दोघांनाही सामनेवाले करावं लागतं. खरेदीनंतर लेखी मागितल्यावर मार्केटप्लेसनं ही माहिती द्यायची असते. बिलावरही विक्रेत्याचं नाव आणि जीएसटी क्रमांक असतो, म्हणून बिल आत्ताच डाउनलोड करून ठेवा.

पैसे क्रेडिट कार्डानं भरले असतील, तर बँकेकडेही व्यवहारावर वाद नोंदवा. त्याची मुदत थोडी असते, म्हणून कंपनीच्या उत्तराची वाट बघत बसू नका.

१९१५

मावशीच्या ईमेलची पोच दुसऱ्या दिवशी आली, आणि सहाव्या दिवशी पुन्हा तेच वाक्य: निर्णय अंतिम आहे. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर, फोन केला. मराठीत बोलता येतं. consumerhelpline.gov.in वर स्वतः तक्रार टाकली तर कागदही जोडता येतात, म्हणून मला तो मार्ग जास्त पसंत आहे. तक्रारीचा डॉकेट नंबर मिळतो, तो जपून ठेवा.

हेल्पलाइन आदेश देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीपर्यंत पोचवते आणि उत्तर मागते. पण अनेक मोठ्या कंपन्यांकडे या तक्रारी बघायला वेगळी माणसं असतात आणि ती चॅटवाल्यांपेक्षा कागद वाचतात, असा माझा अनुभव आहे. मावशीला दहाव्या दिवशी एका बाईंचा फोन आला. त्यांनी जॉबशीट समोर ठेवूनच बोलायला सुरुवात केली.

तरीही नाही म्हणाले तर

जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. कंपनीच्या अटींत ‘वाद फक्त बेंगळुरूच्या न्यायालयात’ असं लिहिलेलं असतं, ते वाचून घाबरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे आपल्याला नाशिकलाच. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील लागतोच असं नाही. मुदत, वाद उभा राहिल्यापासून दोन वर्षं. e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते. तक्रार अर्ज, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी आणि कागद, सगळं पीडीएफमध्ये. छाननीत त्रुटी काढल्या तर त्या दुरुस्त करून परत पाठवायच्या.

दोष तपासल्याशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून वस्तू खोक्यासकट, होती तशी, सांभाळून ठेवणं शेवटपर्यंत गरजेचं असतं. वेळ मात्र लागतो. आठशे रुपयांच्या कुर्त्यासाठी मी कुणाला हा रस्ता धरायला सांगणार नाही, हेल्पलाइनपर्यंतच जावं. दहा-वीस हजारांच्या वस्तूसाठी जरूर जावं.

आणि वस्तू खरोखर महिनाभर वापरून झाली असेल, तर यातलं काही करू नका. तेव्हा वॉरंटीचा रस्ता धरा, त्यात वापरानं काही अडत नाही.

दारातच नाकारला तर

कधी कधी वस्तू गोदामापर्यंत जातच नाही. पिकअपवाला दारात ॲपमधले प्रश्न बघतो, टॅग आहे का, रंग तोच का, डाग आहे का, आणि ‘क्यूसी फेल’ करून निघून जातो. त्याच्याशी वाद घालू नका, त्याला फक्त हो किंवा नाही दाबता येतं. कोणत्या प्रश्नाला ‘नाही’ दाबलं ते विचारा, तिथल्या तिथे त्या जागेचा फोटो काढा, आणि रिटर्न पुन्हा टाका. त्यानं ओटीपी मागितला तर मेसेज पूर्ण वाचा. तो पिकअप झाल्याचा आहे की रद्द केल्याचा, हे त्यात लिहिलेलं असतं. वस्तू तुमच्या हातात असताना पिकअप झाल्याचा ओटीपी दिला, तर वस्तू दिल्याची नोंद पडते आणि ते निस्तरणं फार अवघड जातं.

दुसऱ्यांदा वस्तू देताना

मावशीला पैसे परत द्यायचं कंपनीनं मान्य केलं, आणि पुन्हा पिकअप ठरला. या वेळी मी स्वतः गेलो. तिन्ही भांडी पुसून दोन तास उन्हात ठेवली होती. प्रत्येक भांडं आतून कोरडं दिसेल असं धरून व्हिडिओ घेतला, मग सीरियल नंबर. प्लास्टिकची झाकणं वाटेत फुटू नयेत म्हणून भांड्यांमध्ये वर्तमानपत्राचे बोळे घातले, कारण गोदामात ‘तुटकी’ शेरा पडणारी कितीतरी भांडी परतीच्या वाटेवरच फुटलेली असतात आणि खापर ग्राहकावर फुटतं. खोका टेप लावून वजनकाट्यावर ठेवला, आकड्याचा फोटो काढला. पिकअपवाला मुलगा शांतपणे थांबला होता. मावशीनं त्याला पाणी दिलं.

दोन दिवसांनी हेल्पलाइनच्या पोर्टलवर तक्रार ‘निकाली’ दिसायला लागली, पण खात्यात पैसे नव्हते. लगेच पोर्टलवर अभिप्राय नोंदवला की रक्कम अजून मिळालेली नाही, आणि तोच स्क्रीनशॉट तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवला. पाचव्या दिवशी ३,४९९ रुपये जमा झाले. त्यानंतरच मावशीनं भाच्याला फोनमधले व्हिडिओ पुसायला परवानगी दिली.